आठ सेकंदांत एक माणूस

आमच्याकडं कार्यक्रमाची कामं वाटताना एक न लिहिलेला नियम पाळतात. ज्याची जीभ चालते त्याला सूत्रसंचालन, ज्याचा मान राखायचा त्याला अध्यक्षपद, ज्याच्या ओळखीनं हॉल मिळाला त्याचा सत्कार, आणि जो शेवटी उरतो त्याच्याकडं आभार. त्या बैठकीत उरलेला मी होतो. शिवाय मी नेसरीचा. "गावचाच पोरगा हाय, कुणाचं नाव आधी घ्यायचं ते त्याला ठाऊक असणार," असं म्हणून दादानं, म्हणजे आमच्या दिग्दर्शकानं, एक कागद माझ्या हातात ठेवला आणि बैठक पुढच्या विषयाकडं गेली.

फिल्म ॲनिमेशनची, चार मिनिटांची. कोल्हापुरात ॲनिमेशन शिकणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी केलेली. विषय नेसरीच्या खिंडीचा. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि सातही जण पडले, ती गोष्ट. गडहिंग्लज तालुक्यातल्या पोराला ही गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. म्हणून पहिला खेळ नेसरीतच करायचा ठरलं होतं. मी पहिल्या वर्षाचा. टीममध्ये मला घेतलं ते घोड्यांच्या टापांचे आवाज तयार करायला. चित्रातलं मला काही कळत नव्हतं, आणि माईकवरून बोलायची वेळ आयुष्यात आली नव्हती.

कागदावर नावांची यादी होती. दिग्दर्शन, कथा, ॲनिमेशन, पार्श्वभूमी, संगीत, संकलन, अशा प्रत्येक शब्दासमोर एखादं-दुसरं नाव, आणि खाली 'विशेष सहकार्य' या शीर्षकाखाली नऊ नावं, स्वल्पविराम देऊन एका ओळीत. मी ती यादी पाठ केली, मागंपुढं 'मनःपूर्वक' आणि 'ऋणनिर्देश' घातले आणि गल्लीतल्या निवृत्त गुरुजींना म्हणून दाखवली. गुरुजींनी शेकड्यानं सभा ऐकलेल्या. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "हे नऊजण काय करत हुते रं? च्या देत हुते?"

मला सांगता येईना. त्यातल्या एकीबरोबर मी लॅबमध्ये कित्येक रात्री बसलो होतो. ती समोरच्या पडद्यावर घोड्याचे पाय काढायची, पुसायची, पुन्हा काढायची. त्या कामाला नक्की काय म्हणायचं, हे मला माहीत नव्हतं. या नावांची सोय 'विशेष सहकार्या'त झाली होती, कारण यादी करणाऱ्यालाही बहुधा ते माहीत नव्हतं.

नाटकाचे किंवा चित्रपटाचे आभार मानणं त्या मानानं सोपं असतं. नट दिसतो, गायक ऐकू येतो, नेपथ्य डोळ्यांसमोर असतं. ॲनिमेशनमध्ये पडद्यावर दिसतो तो घोडा, आणि तो एका माणसाचा नसतो. एकानं त्याचं शरीर ठरवलेलं असतं, दुसऱ्यानं त्याच्या मुख्य पोझ काढलेल्या असतात, तिसरीनं दोन पोझच्या मधली चित्रं भरलेली असतात, चौथ्यानं खरबरीत रेषा गिरवून स्वच्छ केलेल्या असतात, पाचवीनं रंग भरलेला असतो. काम चांगलं झालं की हे पाचही हात नाहीसे होतात आणि एकच घोडा उरतो. आमच्या फिल्ममध्ये सेकंदाला २४ फ्रेम होत्या. प्रत्येक चित्र दोन फ्रेम दाखवायचं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. याला लॅबमध्ये सगळे 'ऑन टूज' म्हणतात. चार मिनिटांच्या ५७६० फ्रेम होतात. पडद्यावर एकच पात्र सतत हलत राहिलं असतं, तरी त्याची २८८० चित्रं लागली असती. ती कुणी काढली, हे त्या चित्रांवर कुठंच लिहिलेलं नसतं.

मग मी शोधायला लागलो. पहिल्यांदा वाटलं, संगणकालाच विचारावं. फाइलवर उजवं बटण दाबलं की ती कुणी बनवली ते कळतं, असं मला वाटायचं. पण लॅबमधली सगळी यंत्रं एकाच लॉगिननं चालतात, त्यामुळं प्रत्येक फाइलचा निर्माता `student`. शेवटचा बदल केव्हा झाला ते कळत होतं, पण शेवटचा हात कुणाचा ते नाही. शिवाय शेवटचा हात म्हणजे मुख्य हात असं थोडंच असतं? महिनाभर खपून काढलेलं चित्र कुणी फक्त नाव बदलून जतन केलं, तरी तारीख त्याचीच लागते.

त्यातल्या त्यात उपयोगी पडलं ते एक्सपोजर शीट. हा उभा तक्ता असतो. डावीकडं फ्रेमचे आकडे वरून खाली, आणि प्रत्येक थरासाठी एक उभा रकाना. कोणतं चित्र किती फ्रेम दाखवायचं ते त्यात लिहितात. आमच्याकडं ते संगणकावर भरायच्या आधी कागदावर पेन्सिलीनं भरायचे, आणि कागदावर माणसाचं अक्षर उरतं. कुणाचा सात आडवी रेघ मारलेला, कुणाचा नऊ उलट्या एकासारखा. एका ताईनं प्रत्येक दुरुस्तीपुढं आपलं आद्याक्षर लिहिलं होतं. त्या अक्षरांवरून मला पहिल्यांदा कळलं की यादीत 'ॲनिमेशन' या शब्दासमोर जिथं दोन नावं होती, तिथं खरं तर सहा हात होते.

उरलेलं माणसांकडून काढावं लागलं, आणि तिथं मला प्रश्न विचारायची रीत बदलावी लागली. "ताई, तुम्ही फिल्ममध्ये काय काय केलं?" असं विचारलं की उत्तर यायचं, "मी काय, थोडी मदत केली." ज्यानं सगळ्यात जास्त केलं तो सगळ्यात कमी सांगत होता. एक-दोघं उलटेही होते, पण ते असू दे. मग मी विचारू लागलो, "तुमच्या शॉटला तुमच्याशिवाय कुणाचा हात लागला?" या प्रश्नाला सगळे भरभरून बोलायचे. कुणी रात्री येऊन रंग बदलून दिले, कुणाच्या सांगण्यावरून टेकडी डावीकडं सरकली, कुणी चुकलेली सावली पकडली. स्वतःबद्दल बोलताना माणूस संकोचतो किंवा फुगवतो, दुसऱ्याच्या कामाबद्दल बहुधा नेमकं बोलतो. प्रत्येकाचं काम निदान दोघांच्या तोंडून आलं की ते मी वहीत पक्कं धरत होतो. अशी एकोणीस माणसं झाली. विसावा मी.

आता प्रश्न असा की नेसरीतल्या हॉलमध्ये, सत्कार आणि भाषणं होऊन गेल्यावर, 'इनबिटविनिंग' आणि 'कंपोझिटिंग' हे शब्द कुणाला आणि कसे सांगायचे? समजावत बसलो तर लोक चपला शोधायला उठणार. वाट सापडली ती एका शॉटमुळं. त्याचं नाव `SH14`. लांबी आठ सेकंद. सात घोडी डावीकडून उजवीकडं दौडतात, मागं खिंड सरकत जाते, बाकी काही घडत नाही. फिल्ममधला हा सगळ्यात साधा दिसणारा शॉट, आणि जवळजवळ सगळ्यांचा हात लागलेला.

या शॉटची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण माझं अख्खं आभाराचं भाषण तिच्यावर उभं राहिलं.

घोड्याची दौड काढताना पहिली अडचण येते पायांची. जुन्या चित्रांत दौडणारा घोडा पुढचे पाय पुढं आणि मागचे मागं ताणून हवेत तरंगताना दाखवलेला असतो. सुरुवातीच्या कच्च्या चित्रांत आमचाही घोडा तसाच होता आणि हलवला की लाकडी वाटायचा. १८७८ मध्ये एडवर्ड माय्‌ब्रिज या छायाचित्रकारानं अमेरिकेत दौडत्या घोड्याचे ओळीनं फोटो काढले, तेव्हा दिसलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात खरे, पण ते ताणलेले असताना नव्हे. पाय पोटाखाली गोळा झालेले असताना सुटतात. घोड्याच्या मुख्य पोझ काढणाऱ्या दादानं ते फोटो समोर ठेवून दौड पुन्हा बांधली. मागचे दोन पाय एकामागोमाग टेकतात, मग पुढचे दोन, आणि मग एक क्षण सगळे हवेत.

एक झेप अर्ध्या सेकंदाची धरली, म्हणजे १२ फ्रेम. प्रत्येक चित्र दोन फ्रेम, म्हणून सहा चित्रांत दौडीचं एक आवर्तन पूर्ण होतं आणि पुन्हा पहिल्या चित्रापासून सुरू होतं. याला सायकल म्हणतात. आठ सेकंदांत अशी सोळा आवर्तनं. सात घोड्यांसाठी वेगवेगळी दौड काढायला वेळ नव्हता, म्हणून एकाच सायकलवर सातही घोडी पळवायची ठरली. सगळ्यांचे पाय एकदम पडले तर पलटणीचं संचलन वाटेल, म्हणून प्रत्येक घोडं वेगळ्या चित्रापासून सुरू करायचं. पहिलं एक नंबरच्या चित्रापासून, दुसरं दोन नंबरच्या, असं.

सहाव्या घोड्यापर्यंत हे जमलं. चित्रं सहा आणि घोडी सात. सातव्याला स्वतःची सुरुवात उरलीच नाही, ते पुन्हा पहिल्या चित्रावर आलं. लॅपटॉपवर कुणाच्या लक्षात आलं नाही. भिंतीवर मोठं करून पाहिल्यावर मात्र प्रतापरावांचं सगळ्यात पुढचं घोडं आणि सगळ्यात मागचं घोडं पावलाला पाऊल जुळवून पळताना दिसायला लागली. एकदा दिसलं की दुसरं काही दिसेना.

गुरुजींनी ज्यांना च्या देणारे ठरवलं होतं, त्यातल्या एका ताईनं यावर उपाय काढला. मुख्य पोझच्या मधली चित्रं भरायचं काम तिच्याकडं होतं. मॉडेल शीटवर घोड्यांना ए ते जी अशी अक्षरं दिली होती. तिनं शेवटच्या, म्हणजे जी घोड्यासाठी सहाऐवजी सात चित्रांची सायकल काढली. सहाची आणि सातची दौड एकत्र चालली तर दोन्हींची पावलं ४२ चित्रांनंतर, म्हणजे साडेतीन सेकंदांनी एकदाच जुळतात. तेवढं डोळ्याला कळत नाही.

पण एक चित्र वाढवलं म्हणजे काम संपलं असं नसतं. घोडी पडद्यावर जवळपास जागच्या जागी पळतात आणि जमीन मागं सरकते. आमची जमीन दर चित्राला ४० पिक्सेल सरकत होती. जो पाय जमिनीला टेकलेला आहे, तोही दर चित्राला बरोबर ४० पिक्सेलच मागं जायला हवा. कमीजास्त झालं की घोडं बर्फावर घसरल्यासारखं दिसतं. सहा चित्रांच्या घोड्याची झेप २४० पिक्सेलची होती, तर सात चित्रांच्या घोड्याची २८० हवी. एवढी लांब झेप त्याच मापाच्या घोड्याला शोभेना. म्हणून तिनं जी घोडं थोडं मोठं केलं, पाय लांब केले, आणि मॉडेल शीट सांभाळणाऱ्या ताईकडं जाऊन तो बदल मान्य करून घेतला. मग गिरवणाऱ्यांनी त्या सात चित्रांच्या रेषा पुन्हा स्वच्छ केल्या, रंगवणाऱ्यांनी रंग भरले, आणि माझ्याही आवाजात फरक पडला. एवढ्या सगळ्याची नोंद यादीत एका स्वल्पविरामापुरती होती.

हा शॉट दादाला दाखवून मी म्हटलं, "आभार मानताना मागं हाच शॉट चालू ठेवला तर?" संकलन करणाऱ्या ताईनं ते लगेच उचललं. ॲनिमेशन स्टुडिओ आपलं काम दाखवायला असा तुकडा करतात, हे तिला माहीत होतं: एकच शॉट आधी कच्च्या रेषांत, मग स्वच्छ, मग रंगात, मग पार्श्वभूमीसकट. शॉट आठ सेकंदांचा आणि माणसं एकोणीस. शॉट पुन्हा पुन्हा लावून त्याच्या दर आवर्तनाला एक माणूस धरला तर १५२ सेकंद होतात, म्हणजे अडीच मिनिटांच्या जरा वर. आभारासाठी एवढाच वेळ मिळणार होता.

मग माझी खरी कसरत सुरू झाली. आठ सेकंदांत सावकाश बोललं तर पंधरा-सोळा शब्द बसतात. त्यात नाव, आडनाव आणि काम यायला हवं. 'ज्यांच्या अथक परिश्रमांमुळे' म्हणेपर्यंत दोन सेकंद जातात आणि कळत काहीच नाही. म्हणून विशेषणं सगळी गेली. कामाचं इंग्रजी नावही मी काढून टाकलं आणि पडद्यावर त्या क्षणी काय दिसतंय तेवढंच सांगायचं ठरवलं. मधली चित्रं भरणाऱ्या ताईसाठी वाक्य झालं: नाव, आणि "सगळ्यात मागचं घोडं बघा, त्याची सातही चित्रं हिच्या हातची." नाव घेऊन सुमारे बारा शब्द. राहिलेले दोन सेकंद लोकांनी बघायला.

इथं मी टीममधल्यांची नावं देत नाही. ती फिल्मच्या शेवटी आहेत आणि त्या दिवशी पडद्यासमोर घेऊन झाली आहेत. क्रम मात्र सांगण्यासारखा आहे, कारण त्यावर बराच खल झाला. रिवाजाप्रमाणं दिग्दर्शकाचं नाव पहिलं किंवा सगळ्यात शेवटी. पण पडद्यावर शॉट ज्या क्रमानं घडत जाणार, त्याच क्रमानं नावं आली नाहीत तर सगळाच घोटाळा. पहिल्या आवर्तनात कोरा पडदा आणि फक्त संहितेतली दोन वाक्यं: हे कथा लिहिणारीचं. दुसऱ्यात स्टोरीबोर्डची स्थिर चौकट. तिसऱ्यात त्याच चौकटी वेळेत बसवलेल्या, आठ सेकंद मोजून, आणि ते काम दादाचं. त्यामुळं दिग्दर्शक तिसऱ्या नंबरला गेला. दादा एवढंच म्हणाला, "तिथंच बसतोय की मी."

मग घोड्यांची मापं ठरवणारी ताई, खिंडीचं परिप्रेक्ष्य आखणारा दादा, घोड्यांच्या मुख्य पोझ काढणारा आणि स्वारांच्या काढणारी. मधली चित्रं भरणाऱ्या दोघी, रेषा गिरवणारे दोघं, रंग भरणारे दोघं. इथवर घोडी पांढऱ्यावर पळत होती. चौदाव्या आवर्तनात मागं खिंड आली, ती रंगवणाऱ्या ताईबरोबर. पंधराव्यात धूळ, सावल्या आणि उजेड आले. सोळाव्यात हे सगळे थर एकावर एक बसवून एकजीव करणारा; त्याचं काम तोवर मलाही कळलं नव्हतं. धूळ बसल्यावर सातही घोडी पहिल्यांदा त्या जमिनीवर आली.

सतराव्यात आवाज, म्हणजे मी. माझ्या आवर्तनाला काय करायचं, हा पेच होता. स्वतःचे आभार स्वतः कसे मानणार? म्हणून तिथं मी संगीत करणाऱ्या दादाचं नाव पुढं घेतलं आणि माझी जागा यादीच्या बाहेर ठेवली. आवाजाचं माझं काम तसं छोटंच होतं. नारळाच्या अर्ध्या करवंट्या आणि पाटीत दाबून भरलेली माती. सात घोड्यांचे सात थर लावले तेव्हा नुसता पाऊस पडल्याचा आवाज आला. शेवटी तीनच थर ठेवले, आणि मोठ्या जी घोड्याचा थर जरा जड आणि थोड्या लांब अंतरानं.

नुसत्या टापांवर दुसऱ्या एका ताईचं आवर्तन ठेवलं. फिल्ममधलं निवेदन तिचं. अडचण अशी की `SH14` मध्ये निवेदन नाहीच. तिला दुसऱ्या शॉटवर दाखवावं, असं कुणीतरी सुचवलं. विचारत गेल्यावर कळलं की संहितेत या शॉटवर चांगली लांब ओळ होती. ती रेकॉर्डही झाली होती. ऐकून तिनंच सांगितलं, "घोडी पळताना मी बोलले तर टापा कोण ऐकणार? काढा ही ओळ." त्या आठ सेकंदांत तिचा आवाज नाही, हेच तिचं काम होतं. माझ्या वहीतलं हे सगळ्यात अवघड वाक्य. ते असं झालं: नाव, आणि "इथं हिची एक ओळ होती, टापा ऐकू याव्यात म्हणून तिनंच ती काढायला लावली."

शेवटी संकलन करणारी. तिनं फिल्म जोडली आणि सादर करण्याजोगी बाहेर काढली. खेळाआधी एक गडबड तिनंच पकडली होती. चित्रं सेकंदाला २४ च्या हिशोबानं काढलेली आणि बाहेर काढताना कुठंतरी २५ पडले होते. फरक एका फ्रेमचा वाटतो, पण त्यामुळं २४० सेकंदांचं चित्र साडेनऊ सेकंद आधीच संपत होतं आणि आवाज मागं राहत होता. सुरुवातीच्या काही सेकंदांत हे कळत नाही. घोडी थांबल्यावरही टापा वाजायला लागल्या की मग कळतं. म्हणून ती तपासताना नेहमी शेवटचं मिनिट बघते.

पाहुण्यांचे आभार वेगळे ठेवायचे, असं गुरुजींनी बजावलं. "हॉल दिलेल्याचं नाव आन् घोडं काढलेल्याचं नाव एका दमात घेऊ नको. दोघंबी नाराज हुतील." आणि आभार अध्यक्षीय भाषणानंतर न ठेवता फिल्म संपल्याबरोबर ठेवावेत, हेही त्यांचंच. अध्यक्षांचं भाषण झालं की अर्धा हॉल उठतो, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

त्या संध्याकाळी स्वागत, दीपप्रज्वलन, सत्कार आणि मनोगतं यात तास-सव्वा तास गेला. मग दिवे बंद झाले आणि चार मिनिटांत फिल्म संपली. पुढच्या रांगेतून एक आवाज आला, "संपलं? एवढंच व्हय?" टाळ्या पडत होत्या, पण त्या आवाजानं माझे हात गार पडले. मी माईकपाशी गेलो आणि पाहुण्यांचे आभार कसेबसे उरकले. मागं कोरा पडदा उजळला.

पहिली दोन आवर्तनं लोक गप्प होते. त्यांना वाटलं, यंत्र बिघडलं. तिसऱ्यापासून कुजबुज सुरू झाली. कच्च्या रेषांची घोडी पळायला लागली तेव्हा लहान पोरं पुढं सरकून खाली येऊन बसली. "सगळ्यात मागचं घोडं बघा" म्हटल्यावर सगळ्या माना एकदम डावीकडं गेल्या. नाव आधी घ्यायचं की काम आधी, यावर आमची चर्चा झाली होती. आम्ही नाव आधी ठेवलं होतं, आणि ते बरोबर ठरलं. नाव ऐकल्यावर लोक त्या माणसाला शोधतात, आणि मग त्याचं काम पडद्यावर बघतात. उलट केलं असतं तर काम बघून होईपर्यंत नाव हवेत विरलं असतं. एकोणिसावं आवर्तन संपल्यावर मी खाली उतरायला वळलो, तर दादानं माईक घेतला, विसाव्यांदा शॉट लावला, सगळं बंद करून फक्त टापा ठेवल्या आणि माझं नाव घेतलं. हे ठरलेलं नव्हतं.

नंतर हॉलबाहेर लोकांनी कुणाला गाठावं? दादाला तर गाठलंच. पण मोठं घोडं काढणाऱ्या ताईभोवती जास्त गर्दी होती. बैलगाडा शर्यतीतला एक शौकीन तिला विचारत होता, "पाय लांब केलासा, मग पाठ का न्हाई लांबवली?" प्रश्न रास्त होता. तिनं मोबाइल काढून त्याला सातही चित्रं दाखवली.

एका म्हाताऱ्या आण्णांनी मला बाजूला घेतलं. "तुमच्या एकोणीस जणांची नावं घेटलीस, ब्येस झालं. पर त्या सहा जणांची?" आमच्या फिल्ममध्ये प्रतापरावांचंच नाव होतं. बाकीचे स्वार मॉडेल शीटवर बी ते जी होते. कथा लिहिणाऱ्या ताईनं हे मुद्दाम केलं होतं. विसाजी बल्लाळ, दीपोजी राऊतराव, विठ्ठल पिलाजी अत्रे, कृष्णाजी भास्कर, सिद्दी हिलाल आणि विठोजी शिंदे ही नावं परंपरेनं सांगतात, पण या यादीबद्दल इतिहासाच्या अभ्यासकांत एकमत नाही. खात्री नसलेलं नाव तिला कुणाच्या चेहऱ्याला चिकटवायचं नव्हतं. आण्णांना हे पटलं, पण पुरतं नाही. "मग तसं लिवा की," ते म्हणाले, "परंपरेनं सांगत्यात म्हणून."

फिल्म बाहेरच्या महोत्सवांना पाठवायच्या आधी शेवटची श्रेयनामावली बदलली. 'विशेष सहकार्य' हे शीर्षक गेलं. प्रत्येक नावासमोर काम आलं. सहा स्वारांची नावं 'परंपरेने सांगितलेली' असं वर लिहून स्वतंत्र पाटीवर आली, कोणत्याही चित्रातल्या चेहऱ्याशी न जोडता. पाट्या वाढल्यानं नामावली लांबली, ती वाचता येईल इतकी सावकाश ठेवायची म्हणून आणखी लांबली, आणि संगीत करणाऱ्या दादाला शेवटचा तुकडा वाढवून द्यावा लागला. त्याबद्दल तो अजून बोलतो.

आता पुढची फिल्म सुरू झाली आहे. तिच्या फोल्डरमध्ये पहिल्या दिवसापासून एक तक्ता आहे: शॉट, काम, नाव, तारीख. काम ज्या दिवशी झालं त्याच दिवशी, आणि ज्यानं पाहिलं त्यानं भरायचं, ज्यानं केलं त्यानं नाही. लॅबमधल्या यंत्रांचं लॉगिन अजून एकच आहे.